पहिला ग्राहक कोण असावा: छोटी कंपनी, मध्यम वितरक की मोठा उद्योगसमूह?

पुरवठादाराचे बिल, आपण दिलेली खरेदी ऑर्डर आणि गोदामात प्रत्यक्ष मिळालेल्या मालाची नोंद या तिन्हींचा मेळ घालून तफावत दाखवणारे सॉफ्टवेअर तीन संस्थापकांनी तयार केले आहे आणि त्यांच्याकडे 14 महिने पुरेल एवढा पैसा आहे, असे समजू. हेच सॉफ्टवेअर 20 माणसांच्या कंपनीला, 300 माणसांच्या घाऊक वितरकाला किंवा हजारो कर्मचाऱ्यांच्या उद्योगसमूहाला विकता येते. मात्र ग्राहक बदलला की विक्रीची पद्धतही बदलते, म्हणून या दोन्ही गोष्टींचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो.

छोट्या कंपनीची वार्षिक वर्गणी 1 एकक, मध्यम वितरकाची 15 आणि उद्योगसमूहाची 150 एकके धरली, तर वर्षाला 300 एककांच्या उत्पन्नासाठी अनुक्रमे 300, 20 किंवा 2 ग्राहक लागतात. कागदावर शेवटचा आकडा सर्वांत सोपा दिसतो आणि अनेकांची फसगत इथेच होते.

छोट्या कंपनीशी प्रत्यक्ष बोलून विक्री करणे परवडत नाही, कारण एका ग्राहकामागे दोन बैठका झाल्या तरी वर्गणीचा मोठा भाग त्यातच जातो. ग्राहकाने संकेतस्थळावर येऊन स्वतःच नोंदणी करावी, हाच मार्ग उरतो. भेट देणाऱ्यांपैकी 2 टक्के लोकांनी चाचणी घेतली आणि त्यांतील 15 टक्के लोकांनी पैसे भरले असे मानले, तर 300 ग्राहकांसाठी एक लाख भेटी लागतात. शिवाय दरमहा 3 टक्के ग्राहक सोडून गेले, तर वर्षाअखेरीस शंभरातले सुमारे 69 उरतात. वापरणाऱ्या एका माणसाला कोणाचीही परवानगी न घेता पहिल्या काही मिनिटांत उपयोग कळत असेल, तर ही वाट योग्य असते. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ॲटलासियन ही सॉफ्टवेअर कंपनी पारंपरिक विक्री पथकाशिवाय वाढली, ती अशाच प्रकारच्या उत्पादनावर. आपल्या उदाहरणात मात्र जुन्या ऑर्डरी आणि गोदामाच्या नोंदी जोडल्याशिवाय काहीच दिसत नाही.

उद्योगसमूहाची अडचण वेगळी आहे. तिथे आवड निर्माण होणे आणि करार होणे यांच्यामध्ये माहिती-सुरक्षेची प्रश्नावली, कायदा विभाग, खरेदी विभाग आणि पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक उभे असते, त्यामुळे पहिली भेट ते पहिला पैसा यांत वर्ष सहज जाते. 14 महिन्यांत अशा दोनच संधींमागे लागलेल्या कंपनीची एक संधी जरी पुढे ढकलली गेली, तरी तिच्याकडे दुसरा डाव उरत नाही. त्यातच त्या एका ग्राहकासाठी केलेले बदल इतर कोणालाही उपयोगी पडत नाहीत.

माझा कौल म्हणून मध्यम वितरकाला आहे, पण ‘मध्यम कंपन्या’ एवढी व्याख्या पुरेशी नाही. गट इतका नेमका हवा की त्यातील नावांची यादी करता येईल: 100 पेक्षा जास्त पुरवठादार असलेले, एकच ठरावीक हिशेबप्रणाली वापरणारे आणि गेल्या वर्षभरात दुसरे गोदाम उघडलेले वितरक. शेवटची अट सर्वांत मोलाची आहे, कारण दुसरे गोदाम आले की हाताने मेळ घालणे कोलमडते आणि दुखणे ताजे असते. अशा 200 कंपन्यांशी संपर्क साधल्यावर 30 जणांशी संवाद, 10 चाचण्या आणि 4 करार झाले, तर 20 ग्राहकांसाठी 1,000 नावे लागतील. गटात तेवढी नावे नसतील, तर अट थोडी सैल करावी लागेल.

ही विक्री सुरुवातीला संस्थापकांनीच फोनवर आणि व्हिडिओ बैठकीत करावी. त्रास लेखा विभागप्रमुखाला होतो, सही मालक किंवा वित्तप्रमुख करतो आणि नकार संगणक विभाग देऊ शकतो, म्हणून दुसऱ्या बैठकीपर्यंत तिघेही माहीत असायला हवेत. चाचणी 30 दिवसांची आणि सशुल्क ठेवावी, आणि मागच्या महिन्यातील 500 बिलांपैकी किती तफावती सापडल्या तर करार होईल, हे आधीच लिहून घ्यावे. फुकट आणि मुदत नसलेली चाचणी लांबतच जाते. दुसऱ्या आठवड्यापर्यंत ग्राहकाने खरी बिले दिली नाहीत, तर तो कितीही गोड बोलत असला तरी ती संधी गेली असे धरून पुढच्याकडे वळावे.

गट चुकल्याची खूण नकारांच्या कारणांत सापडते. दहा नकारांत दोन-तीन कारणे पुन्हा पुन्हा आली, तर उत्पादन किंवा किंमत सुधारता येते. दहांची दहा कारणे निघाली, तर आपण एका गटाला विकतच नसून भेटेल त्याला विकत आहोत. साधारण दहा करार एकाच पद्धतीने झाले की विक्रेते नेमावेत, आणि तेही एक नव्हे, दोन, म्हणजे विक्री थांबली तर दोष माणसाचा की पद्धतीचा हे कळते.