फोनमधला ऑब्जेक्ट इरेझर: अख्खा पावसाळा वापरल्यावर

गॅलरीतला इरेझर पावसाळ्याआधीपासून वापरतोय, जास्त करून सांगलीत कृष्णाकाठी. प्रीवेडिंगची कामं असतात आणि अधूनमधून एका पत्रकार मित्राला घाटाचे फोटो देतो.

मातीवरची बाटली, वेफर्सचं पाकीट बोटानं गोल केलं की गायब, तिथं काही तक्रार नाही. पाण्यात मात्र गडबडतं. तरंगणारी बाटली जाते पण तिचं प्रतिबिंब राहतं, उन्हातली कॅरीबॅग पुसली तरी सावली तशीच पडलेली दिसते, त्यामुळं वस्तू आणि सावली एकदमच सिलेक्ट करायची. मोठा ढीग पुसायला गेलं तर शेजारचेच दगड परत परत चिकटवतं, झूम केलं की कळतं.

नवरा-नवरीच्या फोटोत हे सगळं चालतं, त्यांना काय नदीचा अहवाल द्यायचा नाहीये. पण नदीवरच्या बातमीला तोच फोटो गेला की खोटं झालंच. मध्ये एका ग्रुपवर घाट सफाईचे आधी-नंतरचे फोटो आले, पहिल्यात पायऱ्यांवर निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या, दुसऱ्यात पायऱ्या लख्ख. म्हणे सकाळी सुरू केलं, दुपारी संपलं. आता दोन्ही फोटोत पायरीवरची सावली त्याच रेघेवर, पाण्यावरची लाट पण तीच! सूर्य काय सफाई होईपर्यंत थांबला होता का? थोडं काम खरंच केलंही असेल त्यांनी, पण त्या फोटोवरून किती कचरा उचलला ते कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. पूर ओसरला की काठच्या बाभळींना दुधाच्या पिशव्या, चिंध्या लटकलेल्या राहतात, कधी माणसाच्या डोक्याच्याही वर. दिसायला घाणच, पण पाणी कुठवर चढलं होतं त्याची ती खूण असते. त्यातही बारीक फांद्या वेगाच्या पाण्यात वाकतात आणि पाणी उतरल्यावर परत वर येतात, म्हणून तिथली चिंधी खऱ्या पातळीपेक्षा उंच दिसू शकते. जाड बुंध्याला अडकलेला कचरा आणि शेजारच्या भिंतीवरची चिखलाची रेघ जुळते का बघायचं. इरेझर फिरवला की तिथं हिरवी पानं येतात, आणि फोटो बघणाऱ्याला वाटतं पूर इथवर आलाच नव्हता. उजेड-रंग थोडे वरखाली केले तर ही खूण टिकते, वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पण रंगाची माफक दुरुस्ती चालते, फ्रेममधली वस्तू काढलेली चालत नाही.

म्हणून बातमीला जाणारे फोटो मी वेगळ्या फोल्डरला ठेवतो, त्यांना इरेझर लावतच नाही. मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, साधा फोटो म्हणून पाठवला की कधी काढला वगैरे माहिती फाईलमधून उडते आणि मग तो तरी कशावरून ताडून बघणार.