185/65 R15 की 195/55 R16?

एकाच गाडीच्या खालच्या मॉडेलला 185/65 R15 आणि वरच्याला 195/55 R16 असे टायर येतात, तेव्हा दोन्हींत नेमका फरक काय, हे टायरच्या कडेलाच छापलेलं असतं. फक्त ते वाचता यायला हवं.

पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. R म्हणजे रेडियल, टायरच्या बांधणीचा प्रकार. त्यापुढचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. नवखा माणूस फसतो तो मधल्या आकड्यावर. ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर नव्हे, तर रुंदीच्या ६५ टक्के. एवढी त्या टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची. १८५ चे ६५ टक्के साधारण १२० मिलिमीटर, आणि १९५ चे ५५ टक्के साधारण १०७. दोन्ही टायरची एकूण उंची जवळपास सारखीच, ६२१ मिलिमीटरच्या आसपास. सोळा इंचीत रिम मोठं झालं आणि तेवढं रबर कमी झालं, इतकंच.

हे कमी झालेले तेरा मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. मी दोन्ही वापरले आहेत आणि माझा निर्णय त्यांनीच केला. पावसाळ्यात साताऱ्याहून कासकडे जाताना पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. चाक आत आदळलं की खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात टायर चिमटतो आणि भिंतीतले धागे तुटतात. मग आतली हवा तिथलं रबर बाहेर ढकलते आणि लिंबाएवढा फुगा येतो. त्याला पॅच चालत नाही. नक्षी भरपूर शिल्लक असलेला टायर टाकून द्यावा लागतो, कारण फुगा वेगात कधीही फुटू शकतो. सोळा इंचीवर हा त्रास मला पुन्हा पुन्हा झाला. पंधरा इंचीवर त्याच रस्त्याने जातो, दणका बसतो, पण फुगा अजून आलेला नाही.

सोळा इंची वाईट आहे असं नाही. खंबाटकीच्या वळणांवर गाडी जास्त घट्ट बसल्यासारखी वाटते. ज्यांचं जाणं-येणं मुख्यतः हायवेनं पुण्याला असतं, त्यांना तो आवडेलही. गावाकडच्या रस्त्यांना मात्र मी पंधराच घेईन.

बदलायचं ठरलं तर रिमसकट बदलावं लागतं. पंधरा इंची टायर सोळाच्या रिमवर बसत नाही. मापाच्या शेवटी 88H असं काही छापलेलं असतं, तेही वाचा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, H म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीला मान्य असलेली मापं आणि हवेचा दाब असतो. भाराचा आकडा त्याहून कमी असलेला टायर दुकानदार स्वस्तात देत असला तरी घेऊ नका.