‘आठवडाभर निघत नाही’ म्हणून गळ्यात मारलेला लॅश ग्लू

स्ट्रिप लॅशेस, म्हणजे अख्ख्या पट्टीवर ओवलेले खोटे पापणीचे केस, नव्यानं लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: तासाभरात डोळ्याच्या कोपऱ्यातली टोकं उचकटतात. ही तक्रार विक्रेत्यांनाही पाठ आहे. त्यामुळे लॅशेसच्या सेटबरोबर ‘प्रोफेशनल’, ‘सुपर स्ट्राँग’ किंवा ‘सात दिवस टिकणारा’ असा एक छोटा ग्लू जोडून दिला जातो. फसवणूक त्या बाटलीत असते. आत सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा ग्लू निघतो. तो लॅश एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे आपल्या पापणीच्या केसांना एकेक खोटा केस जोडण्यासाठी, बनवलेला असतो. शिकलेला माणूस चिमट्यानं एकेका केसावर त्याचा कण लावतो, आणि तोही त्वचेला टेकू न देता. अख्खी पट्टी पापणीच्या कातडीवर चिकटवायला तो नाहीच.

टोकं उचकटतात त्यात ग्लूचा दोष क्वचितच असतो. समजा, डब्यातली पट्टी ३४ मिलिमीटरची आहे आणि तुमची पापणीची रेषा ३० ची. पट्टी कोरडीच डोळ्यावर धरा, आतल्या कोपऱ्यापासून साधारण २ मिलिमीटर जागा सोडा आणि बाहेरच्या बाजूला किती उरतं ते बघा. या उदाहरणात ६ मिलिमीटर उरेल. तेवढं बाहेरच्या टोकाकडूनच कापायचं, कारण आतल्या टोकाचे केस मुद्दाम आखूड ठेवलेले असतात. ते कापले की लांब केस नाकाजवळ येऊन टोचायला लागतात. केस ज्या दोऱ्यावर गाठीनं बसवलेले असतात तो बँड; कात्री त्या बँडच्या बाजूनं, दोन गाठींच्या मधून चालवा. आधी ४ मिलिमीटर कापून पुन्हा धरून बघितलेलं बरं. कापलेलं परत जोडता येत नाही.

मग बँड ब्रशच्या दांड्याभोवती पाच मिनिटं गुंडाळून ठेवा. डब्यातला सरळ बँड पुन्हा सरळ व्हायला बघतो, आणि टोकं उचलतात ती त्या ताणानं. ग्लूचा पातळ थर द्या, दोन्ही टोकांना किंचित जास्त, आणि ३० ते ४५ सेकंद थांबा. ओला ग्लू घसरतो. चिकचिकीत झालेला धरतो. पट्टी आपल्या केसांवर नाही, केसांच्या मुळाला लागून वरच्या कातडीवर बसवायची. एवढं जमलं तर साधा ग्लू संध्याकाळ सहज काढतो, ‘स्ट्राँग’ची गरजच पडत नाही.

आता बाटली ओळखायची कशी? रंगावर जाऊ नका, काळा ग्लू दोन्ही प्रकारांत मिळतो. घटकांची यादी वाचा. एथिल सायनोअॅक्रिलेट लिहिलेलं असेल, किंवा यादीच नसेल, तर ती बाटली पट्टीसाठी वापरू नका. पट्टीचा ग्लू बहुधा दुधासारखा दाट असतो, आणि लॅटेक्सचा असेल तर अमोनियाचा वास येतो. सायनोअॅक्रिलेट पाण्यासारखं पातळ असतं, बारीक तोंडाच्या बाटलीत येतं आणि त्याच्या वाफेनं डोळे चुरचुरतात. शंका असेल तर अॅल्युमिनियम फॉइलवर पातळ थर पसरून वाळू द्या आणि टूथपिकनं खरवडा. पट्टीचा ग्लू रबरासारखा ताणला जातो, गुंडाळून निघतो. सायनोअॅक्रिलेट काचेसारखं कडक होऊन तुटतं. ही चाचणी कापसावर कधीच करू नका, कापूस आणि हा ग्लू एकत्र आले की चटका बसेल इतकी उष्णता निघते. लॅटेक्सचीही कुणाकुणाला अॅलर्जी असते, म्हणून नवा ग्लू आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून २४ तास बघा.

खरं नुकसान काढताना कळतं. साध्या ग्लूसाठी तेलयुक्त मेकअप रिमूव्हर इअरबडवर घेऊन बँडवरून फिरवा, मिनिटभर डोळा मिटून ठेवा आणि बाहेरच्या कोपऱ्याकडून बँड धरून सावकाश सोडवा. केस धरून ओढायचं नाही. अडलं तर पुन्हा तेल.

सायनोअॅक्रिलेट तेलानं विरघळत नाही. पट्टी ओढली की आपले केस मुळासकट तिच्यावर येतात. बँडवर पांढऱ्या टोकांचे दोन-चार केस दिसले की ओढणं तिथेच थांबवायचं. ‘काढायला आमचा रिमूव्हर घ्या’ म्हणून दुसरी बाटली पाठवली जाते, आणि तिच्यात अॅसिटोन असू शकतं. ते नखांसाठी ठीक आहे, डोळ्याजवळ नाही. कोमट पाण्यानं भिजवलेली कापडाची घडी मिटलेल्या डोळ्यावर ठेवत राहा. पापण्या एकमेकींना चिकटल्या असतील, डोळा लाल असेल किंवा आत काही टोचत असेल, तर ओढाताण न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना ती बाटली बरोबर न्या.