नातीची भोवळ, आजोबांची भोवळ: टिल्ट टेस्ट कोणाला लागते?

15 ऑगस्टला झेंडावंदनासाठी उपाशीपोटी उन्हात उभी असलेली अकरावीतली मुलगी पाहुण्यांचं भाषण चालू असताना कोसळते. काही दिवसांनी तिचे 68 वर्षांचे आजोबा पहाटे लघवीला उठतात आणि पलंगापासून चार पावलांवर पडतात. घरात दोन्हींना एकच नाव मिळतं, ‘चक्कर आली’. दोघांनाही उठवून खुर्चीत बसवतात (खरं तर आडवं ठेवून पाय वर करायला हवेत), कांदा हुंगवतात आणि नात्यातलं कोणीतरी टिल्ट टेबल टेस्टचं, म्हणजे पेशंटला टेबलाला बांधून टेबल उभं करत बीपी आणि ठोके पाहण्याच्या चाचणीचं, नाव काढतं. ती कोणाची करायची, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

दोघांच्याही मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं, एवढंच दोघांत समान आहे. आपण उभे राहिलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांत उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, ठोके थोडे वाढवतं आणि बीपी सावरतं. नातीचं हे काम चोख चाललेलं असतं. पण बराच वेळ उभं राहणं, उकाडा, वेदना, रक्त किंवा सुई दिसणं अशा कारणांनी अचानक उलटा हुकूम सुटतो: वाहिन्या सैल पडतात आणि ठोके मंदावतात. ही व्हॅसोव्हेगल भोवळ. आजोबांच्या बाबतीत वाहिन्या मुळात पुरेशा आवळल्याच जात नाहीत. जुन्या मधुमेहाने किंवा पार्किन्सनने वाहिन्यांना आवळण्याचा हुकूम पोचवणाऱ्या नसा कमजोर झालेल्या असतात, नाहीतर औषधं आड येतात. जुलाब, ताप, कमी पाणी यांनी शरीरातलं पाणीच कमी झालं असेल तरी बीपी असंच पडतं.

म्हणून डॉक्टरांना तपासण्यांच्या फाइलपेक्षा पडण्याआधीच्या दोन मिनिटांची हकीकत जास्त कामाची असते. नात सांगेल की आधी मळमळलं, जांभया आल्या, दरदरून घाम फुटला, आवाज लांबून येऊ लागले; मैत्रिणी सांगतील की चेहरा पांढराफटक पडला होता. शुद्ध लवकर आली, पण पुढे दिवसभर गळून गेल्यासारखं वाटलं. हातपाय थोडे झटकले असतील तर घरचे ‘फिट आली’ म्हणतात आणि मेंदूचे फोटो सुरू होतात, पण साध्या भोवळीतही असे काही सेकंदांचे झटके येऊ शकतात. आजोबांची हकीकत वेगळी. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी मान आणि खांदे भरून येतात, बसलं की बरं वाटतं. पहाटे, भरपेट जेवणानंतर, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर हे जास्त होतं. प्रोस्टेटची किंवा बीपीची नवी गोळी सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला का, हे मी सगळ्यात आधी विचारेन. आणखी एक विचारायचं: पडले ते उठून चालताना, की लघवी करताना? लघवी करतानाची भोवळ बऱ्याचदा नातीच्या जातीची असते, वय काहीही असो.

आजोबांचं निदान घरच्या बीपी मशीनवरही बरंच पुढे जातं. पाच मिनिटं शांत आडवं पडायचं, बीपी घ्यायचं. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं, शेजारी धरायला माणूस हवाच. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतं असं धरतात. समजा, आडवं असताना 142/82 आणि नाडी 72. तीन मिनिटं उभं राहिल्यावर 112/70 आणि नाडी 78. वरचा आकडा 30 ने पडला आणि नाडी फक्त सहाने वाढली. बीपी इतकं उतरल्यावर नाडीने चांगली उसळी घ्यायला हवी होती. ती घेत नाही म्हणजे नसांकडे संशय जातो, अर्थात ठोके मंद ठेवणारी गोळी चालू नसेल तर. हीच नाडी शंभरच्या आसपास गेली असती, तर पाणी कमी पडलंय किंवा कुठून रक्तस्राव होतोय का, हे आधी पाहिलं असतं. या मोजणीला एक मर्यादा आहे. काहींचं बीपी उभं राहिल्यावर पहिल्या पंधराएक सेकंदांतच कोसळतं आणि सावरतं. मशीनचा पट्टा फुगून आकडा येईपर्यंत ते निघून गेलेलं असतं.

मग टिल्ट टेस्ट कशासाठी? दोघांपैकी कोणालाही ती पहिल्या फटक्यात लागत नाही. नातीची हकीकत इतकी स्पष्ट आहे की ईसीजी ठीक आला की तिथेच थांबता येतं. आजोबांचे आकडे आधीच बोलले आहेत. हकीकत जुळत नसेल, पडणं वारंवार होत असेल, फिट की भोवळ हे ठरत नसेल, किंवा बीपी तीन मिनिटांनंतर हळूहळू उतरत असावं असा संशय असेल, तेव्हा तिचा उपयोग आहे.

काही तास उपाशी राहून जायचं. टेबलावर पट्टे बांधून झोपवतात, पाय फळीवर टेकतात. ईसीजी आणि बीपी सतत चालू ठेवून टेबल 60 ते 70 अंशांत उभं करतात. प्रचलित पद्धतीत वीस मिनिटं तसंच ठेवतात. काही झालं नाही तर जिभेखाली वाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरिन देऊन आणखी पंधरा मिनिटं. त्याने डोकं दुखू शकतं. नातीसारख्याच्या आलेखात बीपी बराच वेळ सपाट राहून अचानक कड्यावरून पडल्यासारखं खाली येतं, सोबत ठोकेही मंदावतात. आजोबांसारख्याचं बीपी टेबल उभं होताच घसरायला लागतं. भोवळ आली की टेबल आडवं करतात आणि माणूस शुद्धीवर येतो. पण अहवालावर डोळे मिटून विसंबू नये. कधीच न पडलेल्या निरोगी माणसालाही या टेबलावर भोवळ येऊ शकते, आणि नेहमी पडणाऱ्याची चाचणी कोरी येऊ शकते. टेबलावर जे झालं ते पेशंटला नेहमीच्या त्रासासारखंच वाटलं का, हे विचारलं नाही तर चाचणी अर्धवटच राहते.

बचावाच्या युक्त्या नातीला जास्त फळतात, कारण तिला सूचना मिळते. मळमळ किंवा घाम सुरू होताच पायांची कैची करून मांड्या, पोट आणि नितंब घट्ट आवळायचे. किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने बाहेर खेचायची. श्वास मात्र रोखायचा नाही, त्याने बीपी आणखी पडू शकतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 223 पेशंट होते; युक्त्या शिकवलेल्यांपैकी 32 टक्क्यांना पुन्हा भोवळ आली, न शिकवलेल्यांपैकी 51 टक्क्यांना. म्हणजे मदत होते, हमी नाही. जमत नसेल तर लाज न बाळगता खाली बसावं, शक्य असेल तर आडवं व्हावं.

आजोबांना कैची सांगू नये, तोल जाऊन खुबा मोडायचा. त्यांनी पलंगाच्या कडेला बसून पावलं वरखाली हलवायची, मुठी आवळायच्या, मग उठायचं. रात्री लघवीसाठी भांडं जवळ ठेवावं. उठण्याआधी दोन ग्लास पाणी पटकन प्यायलं तर नसांचा दोष असलेल्यांचं बीपी काही काळ वर राहतं, पण हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर आधी विचारावं. मीठ वाढवायचं असेल तरी आधी विचारावं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. वेळ किंवा डोस बदलता येतो का, ते डॉक्टर पाहतील.

पळताना किंवा श्रम करताना, आडवं असताना, कसलीच सूचना न देता किंवा छातीत धडधडून शुद्ध गेली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवून आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जावं. काळी शौच होत असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.