‘जर्मन इक्विव्हॅलन्स’चा सोनेरी कागद : फिटर मुलाचे ८५ हजार कसे गेले

पारोळा तालुक्यातला मुलगा. आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटर ट्रेड पास, हातात एनसीव्हीटीचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, त्यानंतर जिनिंग फॅक्टरीत दोन हंगाम काम. जळगावात एका ‘ओव्हरसीज कन्सल्टन्सी’ने त्याला सांगितलं की, तुझं सर्टिफिकेट जर्मनीत चालत नाही, पण आम्ही ते ‘इक्विव्हॅलंट’ करून देतो, मग तिथली कंपनी डोळे झाकून घेते. नोंदणीचे १५ हजार, इक्विव्हॅलन्सचे ४५ हजार, अपोस्टिल आणि भाषांतराचे २५ हजार. दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले तसे तीन हप्त्यांत ८५ हजार गेले. चार महिन्यांनी त्याच्या हातात एक जाड कागद पडला. वर सोनेरी शिक्का, खाली दोन सह्या आणि इंग्रजीत एकच वाक्य, की हा उमेदवार जर्मन मेकॅनिकल डिप्लोमाच्या बरोबरीचा आहे. पुढे नोकरीही नाही आणि व्हिसाही नाही.

ह्या धंद्यातली गोम अशी की पहिलं वाक्य अर्धं खरं असतं. आयटीआयचं प्रमाणपत्र जर्मनीत आपोआप पूर्ण मान्य होत नाही, हे बरोबर आहे. पण ते मान्य करायचं की नाही हे जळगावची कन्सल्टन्सी ठरवत नाही, मुंबईतलं कुठलं ‘बोर्ड’ ठरवत नाही, आणि आपलं सरकारही ठरवत नाही. उद्योगातल्या बहुतेक ट्रेडसाठी न्यूरेंबर्गचं IHK FOSA हे कार्यालय ते ठरवतं. बांधकाम, गाड्यांची दुरुस्ती अशा हस्तव्यवसायांत मोडणारे ट्रेड तिथल्या हस्तव्यवसाय मंडळांकडे जातात. आपला ट्रेड कुणाकडे जातो हे anerkennung-in-deutschland.de या सरकारी साइटवर ट्रेडचं नाव टाकून फुकट बघता येतं.

हे कार्यालय बघतं काय, ते समजलं की खोटा कागद हातात घेताक्षणी ओळखू येतो. आधी तुमच्या ट्रेडच्या जवळचा एक जर्मन व्यवसाय निवडला जातो. मग तुमचं शिक्षण किती वर्षांचं, त्यात काय काय शिकवलं आणि पुढे काय काम केलं, हे त्या व्यवसायाच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. फिटरसाठी बहुधा ‘इंडुस्ट्री-मेखानिकर’ हा व्यवसाय सुचतो. त्याचं जर्मनीतलं शिक्षण साडेतीन वर्षांचं आहे, आपलं दोन वर्षांचं. तफावत निघणारच. त्याशिवाय ‘फाखक्राफ्ट फ्युअर मेटालटेश्निक’ नावाचा दोन वर्षांचाही एक जर्मन व्यवसाय आहे. कुणाशी तुलना मागायची यावर निकाल बराच बदलू शकतो, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या कार्यालयाशी ईमेलवर बोलून घ्यावं. ह्या एका प्रश्नावर कन्सल्टन्सीवाला गप्प बसला तर उठून यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

निकाल तीनपैकी एक असतो : पूर्ण मान्यता, अंशतः मान्यता किंवा नकार. आयटीआयवाल्यांनी अंशतः मान्यता धरून चालावी. त्या पत्रात तुमच्याकडे काय आहे हेही लिहिलेलं असतं आणि काय कमी आहे हेही. उदाहरणार्थ, हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक जोडणी शिकलेली दिसत नाही, किंवा देखभालीचं नियोजन शिकलेलं दिसत नाही. तिथल्या मालकाला हीच यादी हवी असते, कारण कामावर घेऊन नेमकं काय शिकवावं लागेल हे त्याला त्यातून कळतं.

आता पारोळ्याच्या मुलाचा कागद शेजारी ठेवून बघा. खरं पत्र जर्मन भाषेत असतं, ह्याचं इंग्रजीत. खऱ्या पत्रात तुलनेचा जर्मन व्यवसाय नावानिशी असतो, ह्यात नुसतं ‘मेकॅनिकल डिप्लोमा’. खऱ्या पत्राच्या शेवटी निर्णय पटला नाही तर किती दिवसांत आणि कुठे दाद मागायची ते छापलेलं असतं, ह्यात त्याचा पत्ताच नाही. खऱ्या पत्रात त्रुटी असतात, ह्यात सगळं गोडगोड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खरा अर्ज तुमच्या सहीने जातो. फी भरण्याची नोटीस आणि फाइल क्रमांक तुमच्या नावाने येतो. दुसऱ्याने अर्ज करायचा असेल तर तुमचं लेखी अधिकारपत्र लागतं. ह्या मुलाने कुठल्याच जर्मन अर्जावर सही केली नव्हती. शेवटी त्याने स्वतः कार्यालयाला ईमेल करून विचारलं, तेव्हा त्याच्या नावाने अर्जच आलेला नाही असं उत्तर आलं. ती ईमेल पहिला हप्ता देण्याआधी केली असती तर पंधरा हजारही वाचले असते.

अपोस्टिलचे २५ हजार ही दुसरी लूट. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढीच परराष्ट्र मंत्रालयाची ग्वाही. त्या कागदाची किंमत परदेशात किती, याबद्दल ती एक अक्षरही बोलत नाही. मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये. आधी राज्याच्या शिक्षण खात्याची पडताळणी करावी लागते आणि मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीचा सेवाखर्च वर द्यावा लागतो. तरी सगळं मिळून २५ हजारांच्या आसपासही जात नाही. ‘अपोस्टिल झालं म्हणजे मान्यता मिळाली’ हे वाक्य धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत ऐकू येतं, आणि ते साफ खोटं आहे. मान्यतेच्या अर्जाला खरा खर्च होतो तो फीचा, साधारण १०० ते ६०० युरो, आणि जर्मन भाषांतराचा. भाषांतर अधिकृत भाषांतरकाराचंच लागतं. इंग्रजीवरून मशीनने केलेलं चालत नाही.

मार्च २०२४ पासून एक वेगळा रस्ताही खुला आहे. त्यात मान्यता आधी हातात असायलाच हवी असं नाही. मालक आणि कामगार करार करतात, कामगार तिकडे जाऊन काम सुरू करतो आणि मान्यतेची प्रक्रिया तिथे राहून पुरी करतो. अटी मात्र आहेत : मूळ देशाच्या सरकारने मानलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण, जर्मन भाषेची ए-टू पातळी आणि कामाचा करार. फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांच्या अटीत बसतात. वेल्डर बसत नाही, कारण आपला वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे. याच रस्त्याने वेल्डरला पाठवतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर पुढचं ऐकायची गरज नाही.

पैशाइतकंच ह्या मुलाचं आणखी एका ठिकाणी नुकसान झालं, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कन्सल्टन्सीने जिनिंगवाल्याकडून अनुभवपत्र घ्यायला लावलं. त्यात दोनच ओळी होत्या : ‘फिटर म्हणून काम केले. वर्तणूक समाधानकारक.’ शिक्षणातली त्रुटी कामाच्या अनुभवाने भरून निघू शकते, ही सोय जर्मन नियमांत आहे. पण भरून काढायला त्यांना काम दिसायला हवं ना! मुलाने प्रत्यक्षात डबल रोलर जिनच्या रोलरचे बेअरिंग बदलले होते, स्थिर आणि हलत्या नाइफमधलं अंतर फिलर गेजने लावलं होतं, गिअरबॉक्स उघडून ऑइल सील बदलले होते, गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या हायड्रॉलिक सिलिंडरचं पॅकिंग काढून बसवलं होतं. वर ज्या हायड्रॉलिकचं उदाहरण दिलं, ते काम ह्याच्या हातून झालेलं आहे आणि पत्रात मात्र त्याचा उल्लेखही नाही. अनुभवपत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या मशीनवर, हाताने काय केलं आणि ड्रॉइंग बघून काय केलं, हे सगळं यावं. जिनिंग हंगामी असतं, म्हणून दोन हंगामांच्या तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात. ‘दोन वर्षे’ असं ठोकून दिलं आणि पगाराच्या नोंदी काही महिन्यांच्याच निघाल्या, तर सगळ्या पत्रावरचाच विश्वास उडतो.

नावाचंही तसंच. आपल्याकडे आयटीआयच्या कागदावर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने, तर कुठे वडिलांच्या नावाचं स्पेलिंगच निराळं. अर्ज करण्याआधी सगळ्या कागदांवर एकच स्पेलिंग आहे का ते बघा. प्रमाणपत्रात चूक असेल तर दुरुस्ती आयटीआयच्या प्राचार्यांमार्फत होते आणि तिला वेळ लागतो.

एजंट तपासायचा असेल तर emigrate.gov.in वर परवानाधारक भरती एजंटांची यादी आहे. परवानाधारकालाही कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, एवढंच सेवाशुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. म्हणूनच विनापरवाना लोक बिलावर ‘भरती’ हा शब्द येऊ देत नाहीत. ‘डॉक्युमेंटेशन’, ‘ट्रेनिंग’, ‘कन्सल्टन्सी’ असं लिहितात, म्हणजे उद्या सांगायला मोकळे, की नोकरी देतो असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. ह्या मुलाच्या तिन्ही पावत्यांवर असंच लिहिलेलं होतं. पण व्हॉट्सॲपवर ‘तीन महिन्यांत जॉइनिंग पक्कं’ असे व्हॉइस मेसेज होते, आणि तेच उपयोगी पडले. असे मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तरी जपून ठेवा.

पैसे परत मागितले तेव्हा कन्सल्टन्सीने मूळ प्रमाणपत्र आणि पासपोर्ट अडवून ठेवले. ‘आते कोणले सांगू?’ म्हणत बाप आठवडाभर खेटे घालत होता. खरं तर प्रमाणपत्र अडवून काहीच साधत नाही. अलीकडची आयटीआयची प्रमाणपत्रं डिजिटल आहेत, क्यूआर कोडसकट पुन्हा उतरवून घेता येतात. पासपोर्टची गोष्ट वेगळी. तो दुसऱ्याने अडवून ठेवणं बेकायदेशीर आहे, हे तक्रारीत वेगळ्या परिच्छेदात लिहायचं. पोलीस ठाण्यात ‘हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा’ असं सांगितलं जाऊ शकतं. त्यावेळी अर्जात फसवणुकीबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि विनापरवाना भरतीबद्दल उत्प्रवास कायदा, १९८३ ची कलमं १० व २४ नमूद करा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. त्याच अर्जाची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात द्या.

अर्जाची पोच हातात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घरपोच आला. सोबत निरोप होता : वीस हजार देतो, ‘माझी काही तक्रार नाही’ असं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दे. मुलाने लिहून दिलेलं नाही. जिनिंगच्या मुनीमाकडून त्याने नवं अनुभवपत्र घेतलंय, दीड पानाचं.