‘मेंटेनन्स हेड, २०० ते १,००० कामगार’: विकत घेतलेल्या लीड्सची गोष्ट

आम्ही कारखान्यांना मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर विकतो. कोणतं मशीन कधी बंद पडलं, बेअरिंग कधी बदललं, स्टोअरमध्ये कुठला स्पेअर किती शिल्लक आहे, हे सगळं रजिस्टरातून काढून कॉम्प्युटरवर आणायचं काम. पहिल्या भेटीपासून पर्चेस ऑर्डर हातात पडेपर्यंत आठ-नऊ महिने सहज जातात. आधी मेंटेनन्स हेडला पटावं लागतं. मग एका लाइनवर ट्रायल, मग आयटीवाल्यांच्या शंका, मग प्लांट हेडची सही. एवढं झाल्यावर फायनान्सवाले सांगतात, ‘या वर्षीचं बजेट संपलंय, एप्रिलनंतर बघू.’ हे आधी सांगितलं, कारण आम्हाला ज्यांनी टोपी घातली त्यांचा सगळा हिशोब या आठ-नऊ महिन्यांवरच होता.

पुण्यात लीड, म्हणजे आपला माल घेऊ शकेल अशा माणसाचं नाव-नंबर, विकणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. बऱ्याच जणांची गिऱ्हाइकं अमेरिकेतली, त्यामुळे फ्लोअर रात्री गजबजलेला असतो. पद्धत साधी आहे. तुम्ही हुद्दा, कंपनीचा आकार आणि भाग सांगायचा. ते त्यात बसणारी माणसं शोधतात, तुमचं माहितीपत्रक वाचायला देतात, फोनवर दोन-तीन प्रश्न विचारतात आणि नाव-नंबर-ईमेल एक्सेलमध्ये भरून देतात. पैसे दर लीडमागे. या धंद्यात नीट काम करणारेही आहेत, त्यांना उगाच यात ओढत नाही.

आमची मागणी नेमकी होती. हुद्दा मेंटेनन्स हेड, प्लांट हेड किंवा जीएम ऑपरेशन्स. कामगार २०० ते १,०००. भाग चाकण, रांजणगाव, वाळूज आणि नाशिकचं सातपूर-अंबड. दोनशेच्या खाली मालकाच्या डोक्यातच सगळं मेंटेनन्स असतं, त्याला सॉफ्टवेअर नको असतं. हजाराच्या वर बहुतेक ठिकाणी मोठी ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचं एकत्र सॉफ्टवेअर, आधीच बसलेली असते आणि निर्णय मुंबईच्या हेड ऑफिसात होतो. सौदा १२० लीड्सचा, प्रत्येकी २,४०० रुपये. जीएसटी धरून तीन लाख चाळीस हजारांच्या घरात गेला. निम्मे आगाऊ, निम्मे डिलिव्हरीनंतर.

करारात एक ओळ होती आणि ती या धंद्यात सर्रास असते. लीड नाकारायची असेल तर सात कामाच्या दिवसांत नाकारा, आणि कारणं फक्त तीन: ईमेल परत आला, नंबर चुकीचा निघाला, किंवा हुद्दा-आकार ठरल्याप्रमाणे नाही. ‘माणसाला रस नाही’ हे कारण चालत नाही. वाचायला वाजवी वाटतं. पण ज्या मालाची विक्री आठ महिन्यांनी होते, त्याची लीड खरी की खोटी हे सात दिवसांत कळणार कसं? आमच्या सेल्सवाल्यांना फोनवर ‘सध्या ऑडिट चालू आहे’, ‘पुढच्या क्वार्टरला बोलू’ अशीच उत्तरं मिळत होती. लांबट धंद्यात हीच उत्तरं खऱ्या गिऱ्हाइकाकडूनही मिळतात, म्हणून कुणालाच काही खटकलं नाही. व्हेंडरचा अकाउंट मॅनेजर तर मोठ्या आपुलकीने म्हणायचा, ‘सर, नर्चर करत राहा, तुमचं सायकलच लाँग आहे ना.’

पहिला धागा सुटला अंबडला. आमच्या सेल्सचा नाशिकचा मुलगा एका फोर्जिंग युनिटच्या गेटवर गेला. एक्सेलमध्ये नाव होतं, हुद्दा ‘हेड – मेंटेनन्स’. वॉचमनने रजिस्टरवर नाव बघितलं आणि हसून म्हणाला, ‘हे साहेब नाहीत हो, हे युटिलिटीत आहेत. काँप्रेसर बघतात.’ तो गृहस्थ बाहेर आला, बोलायला चांगला होता. त्याचा खरा हुद्दा असिस्टंट इंजिनिअर. खरेदीशी त्याचा संबंध एवढाच, की फिल्टर संपले की तो इंडेंट भरतो. कुणीतरी फोन करून ‘मेंटेनन्सवर फुकट रिपोर्ट पाठवू का’ विचारलं होतं, तो ‘पाठवा’ म्हणाला होता. आमच्या कंपनीचं नाव त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग आम्ही कॉल रेकॉर्डिंग मागितली. बरीच टाळाटाळ झाली, शेवटी थोडी आली. एकात बाई विचारते, ‘सर, येत्या बारा महिन्यांत मेंटेनन्समध्ये काही सुधारणा करायचा विचार आहे का?’ समोरचा म्हणतो, ‘हं… असतोच की.’ एक्सेलमध्ये त्याच्यापुढे लिहिलेलं: खरेदीची मुदत बारा महिन्यांच्या आत, बजेट उपलब्ध. बजेटचा शब्दही कुणी काढला नव्हता.

हुद्द्याचं फसवणं पकडता येतं, कारण माणूस गाठला की उलगडा होतो. कंपनीच्या आकाराचं प्रकरण जास्त पोचलेलं होतं. प्रत्येक लीडपुढे पुरावा म्हणून लिंक्डइनच्या कंपनी पेजची लिंक होती. तिथे कामगारसंख्येचे ठरलेले गट असतात, ५१ ते २००, २०१ ते ५००, ५०१ ते १,००० असे. हा गट पेज बनवणारा स्वतः निवडतो, कुणी तपासत नाही. भोसरीतला एखादा चौदा माणसांचा ट्रेडरही रुबाबासाठी २०१ ते ५०० निवडून मोकळा होतो. उलट वाळूजच्या खऱ्या कारखान्यात साडेतीनशे माणसं असतात, पण त्यांतले लिंक्डइनवर असतात वीसएक ऑफिसवाले, आणि पेज बनवणारा तेवढेच धरून ११ ते ५० निवडतो. म्हणजे लिंक्डइनच्या गटावर छाननी केली की आपल्याला हवे तसे कारखाने गळतात आणि नको ते आत येतात. व्हेंडरला हे पुरतं ठाऊक होतं. भोसरीचे असे ट्रेडर आणि एजंट त्यांनी चाकणचा पत्ता लावून खुशाल भरले होते. लिंक उघडली तर २०१ ते ५०० दिसतंच, म्हणजे करारानुसार लीड ‘बरोबर’.

आकार पडताळायला फुकटातली चांगली जागा म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओची वेबसाइट. तिथे एस्टॅब्लिशमेंट सर्चमध्ये कंपनीचं नाव टाकायचं आणि पेमेंटचे तपशील उघडायचे. कुठल्या महिन्याचा पीएफ किती जणांसाठी भरला, ते चलनागणिक दिसतं. एक सावधगिरी मात्र हवी. कंत्राटी कामगारांचा पीएफ ठेकेदाराच्या कोडवर भरला जातो, त्यामुळे कारखान्याचा खरा आकडा इथे दिसतो त्याहून मोठा असू शकतो. ऐंशी दिसले म्हणून लगेच काट मारू नका, शेडमध्ये आणखी दोनशे ठेकेदाराचे असतील. पण नऊ दिसले आणि धंदा ट्रेडिंगचा असेल, तर मग विचारायला नको. आमच्या यादीतली सुमारे एक तृतीयांश नावं एवढ्यातच बाद झाली.

ईमेलचं काय, तो तर परत आला नव्हता? त्याचंही कारण आहे. बऱ्याच कंपन्यांचे मेल सर्व्हर असे बसवलेले असतात की त्या डोमेनवर कुठल्याही नावाने मेल पाठवला तरी तो स्वीकारला जातो. अशा डोमेनवर नाव, टिंब, आडनाव जोडून काहीही पत्ता तयार करा, मेल परत येणार नाही. तो वाचायला कुणी नसतं, एवढंच.

आता पक्का पुरावा हवा होता. तेवढ्यात व्हेंडर दुसऱ्या लॉटच्या मागे लागला होता, आणि या वेळी कंपन्यांची यादी आम्हीच द्यायची होती. यादीत खऱ्या कारखान्यांच्या मधोमध एक कारखाना आम्ही मनाने बनवून घातला. आमच्याकडे एक डोमेन पडून होतं, त्यावर एका पानाची वेबसाइट टाकली, रांजणगावचा मोघम पत्ता दिला आणि कुठल्याही नावाने आलेला मेल आमच्याकडे पडेल अशी सोय केली. तिथे माणूस सोडा, पत्र्याची शेडसुद्धा नव्हती. नमुन्याचा हप्ता आला त्यात त्या कारखान्याचे मेंटेनन्स हेड हजर. नाव, आडनाव, मोबाइल, कामगार ३५०, माहितीपत्रक डाउनलोड केल्याची तारीख आणि वेळसुद्धा. मोबाइल लावला तर बंद. आमचं सगळं ऑफिस त्या एक्सेलच्या ओळीभोवती जमलं होतं.

डाउनलोडच्या वेळा मग नीट पाहिल्या. पहाटे अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ओळीने, दोघांत चाळीस-पन्नास सेकंदांचं अंतर, आणि आयपी पत्त्याचे शेवटचे आकडे सोडले तर बाकी सगळे सारखे. म्हणजे चाकण, वाळूज आणि नाशिकचे मेंटेनन्स हेड पहाटे एकाच खोलीत बसून आमचं माहितीपत्रक उतरवून घेत होते. हे दोन रकाने त्यांनीच पाठवलेल्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होते. लीड्स घेणाऱ्या कुणीही हे रकाने आधी मागावेत. द्यायला नकार आला तर तिथेच उत्तर मिळालं असं समजा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे लोक सहसा लक्ष देत नाहीत. ज्यांच्याशी आपलं आधीच बोलणं चालू आहे त्यांना फोन करू नका, म्हणून व्हेंडरला एक वगळायची यादी द्यावी लागते. त्या यादीत आपली आजची गिऱ्हाइकं आणि हातातोंडाशी आलेले सौदे असतात, म्हणजे आपलं सगळं घबाड. आम्ही यादी दिल्यानंतर काही आठवड्यांत आमच्या दोन गिऱ्हाइकांना दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचे फोन आले, नाव-हुद्द्यासकट. पुरावा नाही, म्हणून आरोप करत नाही. पण आता आम्ही माणसांची नावं कधीच देत नाही. फक्त कंपन्यांची डोमेन देतो, आणि तीही आमच्याशी संबंध नसलेल्या पन्नासएक नावांत मिसळून.

पैशांचं म्हणाल तर बनावट कारखान्याची ओळ दाखवल्यावर दुसरा लॉट रद्द झाला आणि त्याचे आगाऊ पैसे परत मिळाले. पहिल्या लॉटचे गेले ते गेलेच. वकिलांनी करार वाचून सांगितलं, सात दिवसांत लेखी नकार नाही म्हणजे माल स्वीकारला असं त्यात स्पष्ट आहे. फौजदारी तक्रार करता येईल, पण ‘हे काम आमच्या सब-व्हेंडरने केलं’ ही पळवाट त्यांच्याकडे तयार आहे. आणि खरोखरच काम खाली दोन-तीन हातांत गेलेलं होतं, हे त्यांच्या फाइलमध्ये राहून गेलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या नावावरून दिसत होतं.

आताचा आमचा करार दोन पानांचा आहे. काम दुसऱ्याकडे द्यायचं नाही. आगाऊ चौथा हिस्सा, उरलेलं आमच्या माणसाची त्या हुद्द्याच्या माणसाशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर वीस मिनिटांची भेट झाल्यावर. नाकारण्याची मुदत ४५ दिवस, आणि ‘मी असं काही मागितलंच नव्हतं’ असं त्या माणसाने म्हटलं तर ते नाकारायला पुरेसं कारण. यादीत बनावट कंपन्या असू शकतात हे आम्ही करारातच लिहितो. किती आणि कुठल्या, ते लिहीत नाही. हे वाचून बहुतेक व्हेंडर परत फोन करत नाहीत. एकाने केला. त्याचा दर लीडमागे जवळजवळ चौपट आहे आणि महिन्याला आठ-दहा नावांच्या वर तो देत नाही. सध्या त्याच्याकडूनच घेतो.