नेरुळमध्ये आठ महिने आरओशिवाय: यूव्ही-यूएफ प्युरिफायरचा अनुभव

नवी मुंबईच्या बहुतेक भागात मोरबे धरणाचं पाणी येतं. ते मुळातच गोडं आहे. नेरुळच्या या घरात नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला ६० ते ८० मिलिग्रॅम दिसतो. भारतीय मानकात ५०० पर्यंतचं पाणी पिण्यास योग्य धरलंय, त्यामुळे आरओ लावायचं कारणच नव्हतं. वर आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. दुकानदार मीटर बुडवून आकडा दाखवतो खरा, पण टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत.

म्हणून आधी क्लोरीन तपासलं. किट स्वस्त असतं: नळीत पाणी घ्यायचं, सांगितले तेवढे थेंब टाकायचे आणि आलेला पिवळा रंग लगेच पट्टीशी जुळवायचा. खाली पालिकेच्या थेट लाइनवर लिटरला ०.५ मिलिग्रॅम आलं आणि स्वयंपाकघरातल्या नळाला जवळजवळ शून्य. मानक म्हणतं किमान ०.२ हवं. म्हणजे क्लोरीन सोसायटीच्या टाक्यांमध्येच संपत होतं. दोष मोरब्याचा नाही, गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी साचलेल्या गाळाचा. टाकी धुतल्यावर नळाला ०.२ आलं. तरी ते दर आठवड्याला पाहावं लागतं, म्हणून जंतूंसाठी यूव्ही आणि गढूळपणासाठी यूएफ, एवढंच घेतलं.

मशीनने त्रास दिला तो पावसाळ्यात. यूव्हीचा प्रकाश गढूळ पाण्यातून नीट आरपार जात नाही, त्यामुळे पुढचा गाळ अडवणारा फिल्टर हीच खरी राखणदारी. बाहेर ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर आहे. उन्हाळ्यात तो तीन महिने टिकला, जुलैत पाच आठवड्यांतच चहाच्या गाळण्यासारखा तपकिरी झाला. तो कधी बदलायचा हे सर्व्हिसवाल्याच्या तारखेवर सोडू नये. नवीन असताना एक लिटरची बाटली ४० सेकंदांत भरायची. ७० सेकंद लागले की फिल्टर बदलतो. फिल्टर बदलूनही धार सुधारली नाही तर यूएफ मेम्ब्रेन तुंबलंय.

दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. आतला कार्बन फिल्टर उरलंसुरलं क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे मशीनमधलं साठलेलं पाणी निराधार असतं. गावाहून परतल्यावर मशीनची पहिली टाकी ओतून द्यावी. दुसरं, यूव्हीचा दिवा निळा दिसतो म्हणजे चालतोच असं नाही. त्याची ताकद वापराने घटत जाते, म्हणून वर्षाने बदलायचा. झाकण काढून त्याच्याकडे थेट पाहू नका.

मर्यादा एकच, टँकर. मे महिन्यात सोसायटीने टँकरने आलेलं बोअरचं पाणी टाकीत मिसळलं आणि टीडीएस ६४० वर गेला. चव खारट लागली. यूव्ही-यूएफ क्षार काढत नाही, त्यामुळे ते आठ दिवस पिण्यासाठी जार आणले. ज्यांच्याकडे बारमाही टँकर येतो, त्यांनी हे मॉडेल घेऊ नये, आरओच घ्यावा.